मणक्यातला ‘गॅप’ आणि टेबलाखालचा सीपीयू

भाऊसाहेब,

तपासणीच्या दिवशी बाहेर गर्दी होती, त्यामुळे सगळं सविस्तर बोलता आलं नाही. निघताना तुम्ही विचारलंत, ‘मॅडम, म्हणजे आता मणका झिजतच जाणार का?’ त्याचं उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नाही, म्हणून लिहून देते. घरच्यांनाही वाचायला द्या.

आधी रिपोर्ट. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधलं अंतर थोडं कमी झालंय, मणक्यांच्या कडांना हाडाची बारीक टोकं आलीत आणि शेवटी ‘लंबर स्पाँडिलोसिस’ असा शेरा आहे. हा शेरा म्हणजे तिसरा आजार नव्हे. पहिल्या दोन गोष्टींनाच मिळून दिलेलं ते नाव आहे. एक्स-रेत मुख्यतः हाडं दिसतात. दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, दिसत नाही; तिच्या जागी काळपट पट्टी दिसते. वयाबरोबर गादीतलं पाणी कमी होतं, ती थोडी बसते आणि पट्टी अरुंद दिसू लागते. शेजारी तुम्हाला ज्या ‘गॅप’ची भीती घालतात तो हाच, आणि तो वाढलेला नसून कमी झालेला असतो.

आता प्रश्न असा की तुमची कंबर याच्यामुळेच दुखते का? ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशा 3,110 लोकांच्या सीटी आणि एमआरआय तपासण्यांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीतल्या 68 टक्के आणि पन्नाशीतल्या 80 टक्के लोकांच्या गाद्यांत झीज दिसली. गादीची उंची कमी झालेले लोक पन्नाशीत निम्म्याहून जास्त होते. हे सगळे दुखणं नसलेले लोक! तुम्ही सत्तेचाळीस वर्षांचे. तुमच्या ऑफिसात ज्यांची काहीच तक्रार नाही अशा समवयस्कांचे एक्स-रे काढले, तर त्यातल्या बऱ्याच जणांचा रिपोर्ट तुमच्यासारखाच येईल. म्हणून त्यावरून दुखण्याचं कारण ठरवता येत नाही.

हे समजून घेण्याचा उपचाराशी थेट संबंध आहे. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी कंबरदुखीच्या 44 रुग्णांवर केलेला एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांवर सारखेच उपचार झाले. फक्त निम्म्यांना एमआरआयचा रिपोर्ट शब्दशः समजावला आणि बाकीच्यांना ‘वयानुसार होणारे बदल आहेत, काळजीचं कारण नाही’ असं सांगितलं. सहा आठवड्यांनी रिपोर्ट शब्दशः ऐकलेल्यांची अवस्था दुसऱ्या गटापेक्षा वाईट होती. मणका नाजूक झाला असं मनात बसलं की माणूस वाकायचं टाळतो, चालणं कमी करतो, स्नायू आखडून धरतो आणि दुखणं लांबत जातं. तुम्हीही दोन महिन्यांपासून सकाळचं फिरणं बंद केलंय आणि पट्टा लावून बसताय.

मग दुखतं कशामुळे? तुम्ही जे सांगितलंत त्यातच ते सापडलं. सकाळी ठीक असता, दुपारी तीननंतर कंबर धरते, उठून रेकॉर्ड रूमपर्यंत जाऊन आलात की सैल वाटतं, रविवारी त्रास निम्म्यावर येतो. तपासणीत तुम्ही टाचांवर आणि चवड्यांवर नीट चाललात, उताणं झोपवून पाय सरळ उचलला तेव्हा पायात कळ गेली नाही, संवेदना शाबूत होत्या. म्हणजे नस दबल्याची खूण नाही. पुढे वाकून दहा मिनिटं बसवल्यावर मात्र तुमचं नेहमीचं दुखणं सुरू झालं, आणि उभं राहून पाच-सहा वेळा मागे झुकल्यावर उतरलं.

तर्जनी दुसऱ्या हाताने मागे वाकवून तशीच धरून ठेवा. थोड्या वेळाने दुखू लागेल. सोडली की थांबेल. बोटाला इजा झालेली नसते, ताण एकाच जागी फार वेळ राहिलेला असतो. तुमच्या कमरेचं साधारण असंच होतंय.

हा ताण कुठून येतो, ते तुम्ही मोबाइलवर दाखवलेल्या टेबलाच्या फोटोत दिसलं. सीपीयू टेबलाखाली नेमका पायांच्या जागी ठेवलाय. त्यामुळे पाय आत जात नाहीत, खुर्ची मागे राहते आणि आवक-जावक रजिस्टरपर्यंत पोचायला तुम्ही दिवसभर कमरेतून पुढे झुकता. पाठ खुर्चीच्या पाठीला लागतच नाही. शिपायाला सांगून सीपीयू बाजूला करून घ्या आणि खुर्ची पोट टेबलाला लागेल इतकी आत घ्या. मात्र आदर्श बैठक साधली तरी तिच्यात चार तास बसून उपयोग नाही. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठा, कमरेवर हात ठेवून पाच-सहा वेळा सावकाश मागे झुका, मग पुन्हा बसा. यात एक मिनिटही जात नाही.

घरी तीन गोष्टी करा. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं चाला आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. उताणं झोपून गुडघे वाकवा, कंबर वर उचला, पाच आकडे मोजा, खाली आणा. असं आठ वेळा. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा. दोन आठवड्यांनी जमेल तसं वाढवू. फायलींचा गठ्ठा उचलायला बंदी नाही. तो अंगाजवळ धरा आणि गुडघेही वाकवा. पट्टा या आठवड्यात हळूहळू सोडा. कॅल्शियमच्या गोळीने गादीची उंची परत येत नाही. डॉक्टरांनी ती दुसऱ्या कारणासाठी दिली असेल तर त्यांना विचारूनच बंद करा.

व्यायाम करताना दहापैकी तीन-चार इतकं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमलं तर चालू ठेवा. दुखणं कमरेतून मांडीत, पोटरीत उतरू लागलं तर तो व्यायाम थांबवून मला फोन करा.

काही लक्षणांत मात्र थांबायचं नाही. लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरता आली किंवा पाऊल लुळं पडू लागलं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा. संध्याकाळचा बारीक ताप, कारण नसताना घटणारं वजन आणि कूस बदलूनही न थांबणारं रात्रीचं दुखणं असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा. आपल्याकडे मणक्याचा क्षयही असतो. आज तुमच्यात यातलं काहीच नाही.

सहा आठवड्यांत बराच फरक पडावा. नाही पडला तर पुन्हा तपासून उपचार बदलू. आणि हे दुखणं पुढे कधीतरी, मार्चअखेरच्या गडबडीत वगैरे, पुन्हा डोकं वर काढू शकतं. तेव्हा झीज वाढली असं समजून अंथरूण धरू नका. हेलसिंकीतल्या महापालिका कर्मचाऱ्यांवर झालेल्या 1995 च्या अभ्यासात, कंबर अचानक धरल्यावर दोन दिवस झोपून राहिलेल्यांपेक्षा झेपेल तेवढी रोजची कामं करत राहिलेले लवकर बरे झाले. व्यायाम निम्मे करा, चालणं थोडं कमी करा, पण ऑफिसला जा.