बरोबरीचा रकाना आणि अघोषित दस्तुरी

बॅकाराचे मेज मकावमधले असो, लास व्हेगासमधले असो, की पणजीसमोर मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या एखाद्या जुगारनौकेवरचे असो, त्यावर 'बँकर', 'प्लेयर' आणि 'टाय' म्हणजे बरोबरी, असे तीन मुख्य रकाने आखलेले असतात. आणि बहुतेक ठिकाणी जोडीच्या पैजेचे दोन लहान रकाने त्यांना चिकटलेले असतात. पत्ते पडण्यापूर्वी रक्कम कोणत्या रकान्यात ठेवायची एवढेच खेळणाराच्या हाती असते. पुढचे सारे मुकरर कलमांप्रमाणे चालते. दोन्ही बाजूंना प्रथम दोन-दोन पत्ते मिळतात, एक्का एक आणि दश्शीपासून राजापर्यंतची पाने शून्य धरली जातात, बेरजेचा केवळ शेवटचा अंक मोजला जातो, आणि नवाच्या अधिक जवळ जाईल ती बाजू जिंकते.

या कलमांत बँकरला एक सूक्ष्म परंतु मोलाची सवलत दिलेली आहे. तिसरे पान घेण्याची पाळी प्लेयरची आधी येते, आणि प्लेयरने पान घेतले असेल तर ते कोणते यावर बँकरने घ्यावे की थांबावे हे अवलंबून असते; उदाहरणार्थ, बँकरचे तीन झाले असता तो एरवी पान घेतो, मात्र प्लेयरचे तिसरे पान अठ्ठी निघाले तर थांबतो. या सवलतीमुळे आठ कॅट एकत्र पिसून मांडलेल्या खेळात दर दहा हजार डावांपैकी बँकर सरासरीने सुमारे 4,586 जिंकतो, प्लेयर 4,462, आणि 952 डाव बरोबरीत सुटतात. म्हणजे बँकरवर पैज लावणारा तसा फायद्यातच राहिला असता. म्हणून जुगारघर त्याच्या जिंकण्यावर, आणि केवळ जिंकण्यावरच, शेकडा 5 दस्तुरी कापते.

या दस्तुरीची खतावणी मांडून पाहावी. दर डावाला शंभर रुपये याप्रमाणे दहा हजार डावांत दहा लाख मेजावर ठेवले, तर जिंकलेल्या डावांचे प्रत्येकी 95 प्रमाणे 4,35,670 रुपये जमा होतात, हरलेल्या डावांचे 4,46,200 खर्ची पडतात, आणि बरोबरीच्या डावांत रक्कम जशीच्या तशी परत मिळते. तूट सुमारे साडेदहा हजारांची, म्हणजे शेकडा 1.06. जिच्याविषयी नवखे गृहस्थ कुरकुर करीत असतात ती दस्तुरी कापूनही हीच पैज मेजावर सर्वांत स्वस्त ठरते. दस्तुरी नसलेल्या प्लेयरच्या रकान्यात तूट 1.24 येते.

आता तेच दहा लाख बरोबरीच्या रकान्यात ठेवावेत. येथे एकास आठ मिळतात, हा आकडा मेजावर ठळकपणे लिहिलेला असतो, आणि दस्तुरी मुळीच नसते. 952 डावांचे आठशेप्रमाणे 7,61,600 मिळाले, उरलेल्या 9,048 डावांचे 9,04,800 गेले. तूट 1,43,200, म्हणजे शेकडा 14 हून अधिक. कारण उघड आहे: एका बरोबरीमागे साडेनऊ डाव बरोबरीविना जात असल्यामुळे न्याय्य दर एकास साडेनऊ असावयास हवा होता. जिंकण्याच्या रकमेतून जवळजवळ शेकडा 16 कापून घेतले जातात, परंतु ही कपात दराच्या आकड्यातच मुरलेली असल्यामुळे तिला कोणी दस्तुरी म्हणत नाही. शिवाय बँकरवाल्याची रक्कम बरोबरीत परत येते, तशी मधली विश्रांती या रकान्यात नाही. प्रत्येक डावात ती एक तर वाढते, नाही तर जाते.

जोडीचा प्रकार याहून थोडा निराळा आहे. एका बाजूची पहिली दोन्ही पाने एकाच नावाची निघाली तर एकास अकरा मिळतात. राजा आणि राणी दोन्ही शून्य असली तरी ती जोडी नव्हे, हे अनेकांना रक्कम गेल्यावर कळते. आठ कॅटांची पाने 416; पहिले पान पडल्यावर उरलेल्या 415 मध्ये त्याच नावाची 31 असतात, तेव्हा संभव साडेसात टक्क्यांच्या आसपास येतो, न्याय्य दर एकास 12.4 ठरतो आणि जुगारघराकडे शेकडा 10.36 राहतात. कॅटांची संख्या कमी केली तर जोडी अधिकच दुर्मिळ होते. ती कितीही वाढवली तरी संभव तेरांत एक याच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि अकराच्या दराला तोटा न होण्यासाठी बारांत एक हवा! हे अंतर केवळ पेटीतील पानांच्या संख्येमुळे पडत नसून दर ठरवतानाच राखून ठेवलेले आहे.

मागील डावांचे निकाल दाखवणारा फलक अशा मेजांवर हटकून असतो, आणि बराच वेळ बरोबरी आली नाही म्हणून आता ती येणारच, असा तर्क करून त्या रकान्याकडे हात जातात. त्या फलकाचे वाचन करण्यापेक्षा दराची अक्षरे नीट वाचणे अधिक फायद्याचे, कारण 'एकास आठ' आणि 'एकाचे आठ' यांत फरक असतो: दुसऱ्यात आपली स्वतःची रक्कमही त्या आठांत धरलेली असते, म्हणजे नफा सातच. उलट काही मेजांवर एकास नऊ देतात, तेथे तूट 4.84 वर उतरते. तरीही ती बँकरच्या साडेचार पट असते.