दोष कोणाचा? नेट चालत नसेल तर आधी वायर लावून पाहा

मुळशी तालुक्यातील भरे येथे आमचे कापडाचे दुकान आहे. पुढे दुकान, मागे गोदाम. पिरंगुटच्या बाजूला कारखाने वाढले तसा कामगारांच्या गणवेशाच्या कापडाचा धंदा आम्हाला मिळू लागला. आता हा धंदा निम्मा फोनवरच चालतो. भिवंडी किंवा इचलकरंजीचा व्यापारी व्हिडिओवर थान उलगडून दाखवतो, आम्ही रंग पाहतो आणि सौदा पक्का करतो. ई-वे बिलही नेटवरच निघते.

गेल्या पावसाळ्यात एका कारखान्याच्या खरेदी अधिकाऱ्याला गोदामातून माल दाखवत होतो. चित्र तीनदा गोठले. चौथ्या वेळी त्यांनी फोन घेतलाच नाही. ती ऑर्डर दुसरीकडे गेली. रागाच्या भरात मी नेट पुरवणाऱ्या कंपनीच्या मुलाला बोलावले आणि नाही नाही ते बोललो. तो बिचारा पाच वेळा येऊन गेला. दर वेळी त्याचे एकच म्हणणे, "चाचा, लाईन बरोबर आहे, तुमचा राऊटर खराब आहे." माझेही एकच उत्तर, "बेटा, पैसे दोनशेचे घेता आणि माल सातचा देता." वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले होते, तरी कनेक्शन तोडण्यापर्यंत गोष्ट आली होती.

हा तंटा पुतण्याने एका लॅपटॉपवर आणि एका वायरवर मिटवला. कसूर एकाचा नव्हता, तिघांचा होता. तिघांचा वाटा किती, तेही आकड्यांत निघाले. तो हिशेब वाचकांसमोर ठेवतो.

तीन कड्यांची साखळी

भिवंडीहून निघालेला माल भऱ्याला कमी पोहोचला, तर आपण लगेच गिरणीवाल्यावर आळ घेत नाही. ट्रान्सपोर्टच्या गोदामात गाठी मोजतो, मग टेम्पोतून उतरताना मोजतो. जिथे आकडा घटला, तिथे चोरी. नेटचेही तसेच आहे. कंपनीची काचतंतूची लाईन दुकानात येते आणि एका छोट्या पेटीत शिरते. या पेटीला ते लोक ओएनटी म्हणतात. पेटीतून वायर राऊटरला जाते. राऊटरपासून फोनपर्यंत वायर नसते, हवेतून लहरी जातात. त्यालाच वाय-फाय म्हणतात. अनेक दुकानांत पेटी आणि राऊटर एकाच डब्यात असतात. आमच्याकडे राऊटर वेगळा होता, आम्हीच सहा-सात वर्षांपूर्वी घेतलेला.

आपण फोनवर वेग मोजतो तो साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला. तिथे आकडा कमी आला तर कोणती कडी कच्ची आहे ते कळत नाही. मधल्या टप्प्यांवर मोजायचे असेल तर वायर लागते, कारण वायर लावली की वाय-फाय हिशेबातून निघून जाते.

मोजण्याआधी

लॅपटॉप आणि चांगली लॅन वायर घ्यावी. लॅपटॉपचे वायरचे तोंडही तपासावे. विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये इथरनेट उघडले की Link speed असे लिहिलेले दिसते. तिथे 1000/1000 हवे. 100/100 दिसले तर लॅपटॉपचे तोंड, वायर किंवा समोरचे यंत्र यांपैकी काहीतरी शंभराच्या वर जाणारे नाही. मग दोनशेची लाईन त्यावर मोजणे म्हणजे एका मीटरच्या पट्टीवर दोन मीटरचा कपडा एका दमात मापण्यासारखे आहे.

मोजताना दुकानातील बाकी सर्व फोन आणि कॅमेरे नेटवरून काढावेत. चित्रीकरण बाहेर पाठवणारा कॅमेरा लाईन गुपचूप खात असतो. मग fast.com किंवा speedtest.net उघडून तीन वेळा मोजावे आणि मधला आकडा वहीत लिहावा. सोबत वेळही लिहावी. आकडा एमबीपीएसमध्ये येतो. फाईल उतरवताना पडद्यावर दिसणारा आकडा बहुधा मेगाबाईटचा असतो, तो याच्या आठव्या हिश्शाचा. दोनशेच्या लाईनवर फाईल पंचवीसने उतरत असेल तर ते पुरे माप आहे, त्यावर तक्रार करू नये.

आमच्या दुकानाचा हिशेब

सकाळी अकराला मोजणी सुरू केली. लाईन २०० एमबीपीएसची. गोदामात फोनवर वाय-फायने ७ आले. मग लॅपटॉप वायरने राऊटरला जोडला, आकडा आला ९४. म्हणजे राऊटरपासून फोनपर्यंतच्या हवेत ९४ चे ७ होत होते. हा मोठा घाटा आमच्याच छताखालचा होता.

पण २०० चे ९४ कुठे झाले? पुतण्याने वायर राऊटरमधून काढून थेट पेटीला लावली. आकडा आला १९६. त्या मुलाचे म्हणणे निदान सकाळच्या वेळेपुरते खरे ठरले. लाईन पूर्ण माल देत होती, राऊटर अर्धा गिळत होता.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ९४ च्या आसपासचा आकडा पुन्हा पुन्हा येत असेल आणि वर जातच नसेल, तर ती शंभराच्या तोंडाची खूण आहे. शंभरातला थोडा भाग माल बांधण्याच्या खोक्यांत जातो, हाती चौऱ्याण्णव येतात. मात्र त्यावरून लगेच नवा राऊटर आणू नये. लॅन वायरीत आठ तारा असतात. त्यातल्या चारच जोडलेल्या असतील किंवा एखादी तुटली असेल, तरी वेग शंभरावर अडकतो. म्हणून आधी वायर बदलली. तरी ९४ च. मग राऊटरच्या तळाची चिठ्ठी वाचली. तोंडे 10/100 ची होती, म्हणजे शंभराच्या पुढे जाणारी नव्हती. तो राऊटर घेतला तेव्हा आमची लाईनच पन्नासची होती. लाईन वाढवली, दरवाजा तोच राहिला.

थेट पेटीला जोडण्यात एक अडचण येऊ शकते. काही ठिकाणी कंपनीने दिलेले नाव आणि पासवर्ड राऊटरमध्ये भरलेले असतात. तिथे लॅपटॉप थेट लावला तर नेट येत नाही. याचा अर्थ लाईन मेली असा नव्हे. ते नाव-पासवर्ड कंपनीकडून मागून लॅपटॉपमध्ये भरावे लागतात.

हवेतला घाटा

आता ९४ चे ७ का झाले ते पाहू. मला वाटे, कापडाच्या थप्प्या लहरी अडवतात. तसे नाही. कोरड्या कापडातून लहरी बऱ्यापैकी पार होतात. त्यांना अडवते ते लोखंड. आमचा राऊटर चोरीच्या भीतीने स्टीलच्या कपाटात ठेवलेला होता. पुढे लोखंडी रॅक, मग गोदामाची भिंत.

वाय-फाय खराब आहे की पुढची लाईन, हे ओळखण्याची एक साधी चाचणी आहे. लॅपटॉप वाय-फायवर ठेवून गोदामात बसावे आणि काळ्या पडद्यावर `ipconfig` लिहावे. Default Gateway समोर राऊटरचा पत्ता येतो. आमचा 192.168.0.1 होता. मग त्याला पन्नास हाका माराव्यात:

```
ping -n 50 192.168.0.1
```

ही हाक राऊटरपर्यंतच जाऊन परत येते, कंपनीच्या लाईनला शिवतही नाही. चांगल्या वाय-फायवर उत्तर काही मिलिसेकंदांत येते आणि एकही हाक वाया जात नाही. आमच्याकडे उत्तरे कधी ८, कधी ३४० मिलिसेकंदांत आली आणि पन्नासातल्या सहा हाका हरवल्या. व्हिडिओ का गोठत होता ते इथे कळले. वेग थोडा कमी असला तरी व्हिडिओ चालतो, पण हाका हरवल्या की चित्र थांबते.

राऊटर कपाटातून काढून भिंतीवर उंच लावला, तेव्हा पुढच्या दुकानात वेग लगेच वाढला. नंतर हजाराच्या तोंडांचा नवा राऊटर घेतला. त्यात दोन वाय-फाय असतात, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झचे. पाचवाले वेगवान, पण भिंत ओलांडताना लवकर दमते. दोन-चारवाले लांब जाते, पण शेजारपाजारच्या सगळ्यांची गर्दी त्यावरच असते. दुकानात पाचवर १६० मिळू लागले. गोदामासाठी मात्र राऊटरपासून आत वायर ओढली आणि तिच्या टोकाला वाय-फायचे दुसरे यंत्र बसवले. आता गोदामात १३० च्या आसपास मिळतात आणि पन्नासपैकी एकही हाक हरवत नाही. वाय-फायवर पूर्ण २०० मिळतील अशी आशा धरू नये.

रात्रीचा हिशेब

इथे मामला संपला असे वाटले. पण रात्री नऊला पुन्हा गाडी अडली. आता घाई न करता लॅपटॉप थेट पेटीला लावला. आकडा आला ३१. वाय-फाय नाही, राऊटर नाही, तरी ३१. हा घाटा कंपनीचा.

यातही दोन प्रकार ओळखावेत. लाईनच्या तारेत दोष असेल तर तो घड्याळ पाहत नाही. सकाळ-संध्याकाळ वेग पडतो, पेटीवर LOS नावाचा लाल दिवा लागतो किंवा नेट अधूनमधून तुटते. पण सकाळी पूर्ण आणि रात्री आठ ते अकरा कमी असे रोज होत असेल, तर ती गर्दी समजावी. एकाच लाईनवर अनेक घरे असतात, आणि पुढे कंपनीने घेतलेली एकूण क्षमताही सर्वांत वाटली जाते. जेवणानंतर सगळे गाव पडदा उघडून बसले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते.

सात दिवस सकाळी अकरा आणि रात्री नऊ, थेट पेटीवर मोजून वहीत लिहिले. सकाळी १९० च्या खाली कधी गेले नाही. रात्री २६ ते ४०. ही वही घेऊन त्या मुलाकडे गेलो. आधी त्याची माफी मागितली, मग पान उघडले. या वेळी "तुमचा राऊटर" म्हणायला त्याला जागा नव्हती. त्याने वही साहेबांना दाखवली. तीन आठवड्यांनी आमच्या बाजूची घरे दुसऱ्या लाईनवर टाकली, आता रात्री दीडशेच्या आसपास मिळतात.

तक्रार तोंडी करू नये, तिचा नंबर घ्यावा. तक्रार सुटली नाही तर त्याच नंबरावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. कराराचा कागदही वाचावा. सरकारी व्याख्येत २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस, आणि जाहिरातीत बहुधा "२०० पर्यंत" लिहिलेले असते. त्या "पर्यंत"चा फायदा घेणाऱ्यासमोर नुसता राग चालत नाही. थेट पेटीवर, वायरने, वेळ लिहून घेतलेले माप चालते.

गेलेली ऑर्डर काही परत आली नाही. ती कपाटातल्या राऊटरने घालवली होती, त्या मुलाने नव्हे.