कॅरमच्या चारही बाजूंना एकच गडी

एकच माणूस एकाच छायाचित्रात चार-पाच ठिकाणी दिसावा, ही करामत जवळजवळ छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांनी १९०० साली एका चित्रफितीत स्वतःलाच सात वादक बनवून ओळीने बसवले होते. १९२१ मध्ये अमेरिकेत बस्टर कीटन यांनी ‘द प्लेहाउस’ या मूकपटाच्या एका दृश्यात एकाच वेळी नऊ कीटन रंगमंचावर आणले. भिंगासमोर झाकण्या असलेली पेटी बसवलेली होती. फिल्मची एक पट्टी उघडी ठेवून बाकीचा भाग झाकायचा, चित्रण झाले की फिल्म मागे गुंडाळायची आणि शेजारची पट्टी उघडायची, असे ते तंत्र होते. कॅमेरामन एल्जिन लेस्ली यांना प्रत्येक फेरीला हँडल अगदी त्याच वेगाने फिरवावे लागले.

आज झाकण्यांचे काम संगणकावरचा मुखवटा, म्हणजे मास्क, करतो. मूळ तत्त्व मात्र तेच राहिले आहे: कॅमेरा, प्रकाश आणि खोली स्थिर ठेवायची आणि फक्त माणसाची जागा बदलायची. बनाव उघडा पडतो तोही सहसा कापाकापीत नव्हे, तर प्रकाशात आणि चेहऱ्यांत. हे कसे घडते, ते एका साध्या प्रसंगावरून पाहता येते. दिवाणखान्यात कॅरम मांडला आहे, चारही बाजूंना एकच तरुण खेळतो आहे आणि पाचवा तोच उभा राहून डाव पाहतो आहे. खोलीच्या डाव्या बाजूला मोठी खिडकी आहे आणि तिच्यातून थेट ऊन न येता नुसता उजेड येतो.

पहिले काम कॅमेऱ्याचे. तो तिपाईवर बसवून डोळ्यांच्या उंचीपेक्षा थोडा वर ठेवतात, म्हणजे पाठमोऱ्या बसलेल्या खेळाडूचे डोके समोरच्याच्या चेहऱ्यावर येत नाही. जवळचा खेळाडू दोन मीटरवर आणि उभा असलेला चार मीटरवर असेल, तर दोघेही रेखीव दिसले पाहिजेत. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर २४ मिलिमीटरची लेन्स, एफ ५.६ छिद्र आणि साडेतीन मीटरवर लावलेला फोकस एवढ्यात हे साधते. त्यानंतर फोकस, शटरचा वेग, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स या साऱ्या गोष्टी हाताने ठरवून बंदिस्त करतात. कॅमेरा स्वयंचलित ठेवला, तर पांढरा सदरा घातलेला खेळाडू चौकटीत येताच तो चित्र काळवंडवतो आणि गडद सदरा आला की उजळवतो. मग प्रत्येक चौकटीतली भिंत वेगळ्या छटेची होते आणि पाच तुकड्यांचे जोड लपत नाहीत. खोलीतले दिवे बंद ठेवलेले बरे. दिव्याचा पिवळसर आणि खिडकीचा निळसर प्रकाश मिसळला, तर पुढे रंग जुळवणे अवघड होते.

प्रकाश सारखा ठेवणे म्हणजे पाचही प्रतिमा सारख्याच उजळ ठेवणे, असा समज असतो आणि तो चुकीचा आहे. खिडकीजवळ बसलेल्या खेळाडूवर उजेड जास्त पडणार आणि पलीकडच्या उजव्या खेळाडूवर कमी. खिडकीकडे पाठ केलेल्याचा चेहरा सावलीत जाणार, तर खिडकीकडे तोंड असलेल्याचा उजळणार. प्रत्येकाला त्याच्या जागेवरचाच उजेड मिळाला पाहिजे. संगणकावर सगळे चेहरे ओळीने उजळ करत नेले, तर माणसे खोलीत बसलेली न वाटता बाहेरून आणून चिकटवल्यासारखी दिसतात.

याहून अवघड प्रश्न सावलीचा आहे. प्रत्यक्षात पाच माणसे बसली असती, तर खिडकीकडच्या खेळाडूने उजव्या खेळाडूचा थोडा उजेड अडवला असता आणि बोर्डावर त्याची मऊ सावली पडली असती. पण पाच चौकटी वेगवेगळ्या घेतल्या, तर उजवा खेळाडू बसतो तेव्हा खिडकीकडची जागा रिकामी असते आणि त्याच्यावर पूर्ण उजेड येतो. पाहणाऱ्याला नेमकी चूक सांगता येत नाही, तरी चित्र खोटे वाटते. यावर उपाय बदली माणसाचा. त्याच अंगलटीच्या आणि तशाच रंगाचा सदरा घातलेल्या सोबत्याला खिडकीच्या बाजूला बसवून बाकीच्या चौकटी घेतात. सोबती अंतिम चित्रात दिसत नाही, त्याची सावली मात्र राहते. सदऱ्याचा रंग जुळवण्याचे कारण असे की कपड्यावरून परतणारा प्रकाश शेजारच्या हातावर आणि बोर्डाच्या कडेवर आपली छटा टाकतो.

चौकटींचा क्रमही त्यावरूनच ठरतो. आधी रिकाम्या खोलीची एक चौकट घेतात. पुढे कुठे काही झाकायचे राहिले, तर तिचा उपयोग होतो. मग नायक खिडकीच्या बाजूला बसतो आणि ही चौकट संपूर्ण चित्राचा पाया ठरते, कारण बोर्डावरची मुख्य सावली तिच्यात आहे. त्यानंतर सोबती त्या जागी येतो आणि नायक अनुक्रमे समोर, उजवीकडे, पाठमोरा आणि शेवटी उभा असे चार फोटो होतात. या सगळ्या वेळात सोंगट्यांना कोणी हात लावायचा नाही. स्ट्रायकरवर बोट एकाच खेळाडूचे असावे. बाकीच्यांचे हात मांडीवर, हनुवटीवर किंवा बोर्डाच्या लाकडी कडेवर राहिले, तर खेळाच्या पृष्ठभागावर कापायचे थोडेच उरते. कपडे बदलायचे असतील, तर ते आधीच हाताशी काढून ठेवावेत. आकाश निरभ्र असतानाही खिडकीचा उजेड हळूहळू बदलत असतो, त्यामुळे सगळे काम दहा-पंधरा मिनिटांत आटोपणे चांगले. ढग ये-जा करत असतील, तर तो दिवस या कामाचा नव्हे.

चेहऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. फोटोसमोर बसताना प्रत्येक माणसाचा एक ठरलेला चेहरा असतो: तेच हसू, मान त्याच बाजूला झुकलेली आणि भुवयाही तितक्याच वर गेलेल्या. पाच वेळा बसवले, तर तो पाच वेळा हाच चेहरा देतो. मग वेगवेगळे कपडे घातले, तरी चित्रात एकाच ठशाच्या पाच प्रती दिसतात. म्हणून ‘आता हसा’, ‘आता गंभीर व्हा’ असे सांगण्यापेक्षा काम दिलेले बरे. खिडकीकडचा एक डोळा बारीक करून नेम धरतो. समोरचा राणी कुठे आहे ते पाहत ओठ दाबतो. उजवा हात उंचावून फाउल झाल्याची तक्रार करतो, त्याचे तोंड उघडे असते. उभा असलेला खाली बघून हसू आवरतो. पाठमोऱ्याचा कान आणि गालाचा थोडासा भागच दिसतो. त्याचा चेहरा दाखवण्याची गरज नाही आणि त्यामुळे बाकी चार चेहऱ्यांवरचा भारही हलका होतो. प्रत्येक जागेवर आठ-दहा फोटो सलग घ्यावेत. निवड करताना एकेक उत्तम चेहरा न शोधता चारही चेहरे शेजारी ठेवून पाहावेत. मानेचा कोन, नजरेची दिशा आणि तोंडाची ठेवण यांपैकी निदान दोन गोष्टी प्रत्येक जोडीत वेगळ्या असतील, तर पुनरुक्ती जाणवत नाही.

नजर कुठे लागली आहे, यावर ही माणसे एकमेकांत खेळतात की आपापली बसली आहेत, ते ठरते. तक्रार करणारा समोर रिकाम्या हवेत पाहत असतो आणि त्याची नजर सहज हातभर वर किंवा खाली जाते. खिडकीकडच्या जागी बसलेला सोबती इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडतो: त्याच्याच डोळ्यांत पाहायला सांगावे. बाकीच्यांसाठी भिंतीवर किंवा बोर्डाच्या कडेवर कागदी पट्टीची खूण पुरते. नजर नीट न लागलेला फोटो आडवा उलटवून वापरण्याचा मोह मात्र टाळावा. उलटवल्यावर केसांचा भांग, गालावरचा तीळ, मनगटावरचे घड्याळ आणि सदऱ्याची गुंडीपट्टी यांच्या बाजू बदलतात, आणि उजेडही खिडकीच्या विरुद्ध बाजूने येऊ लागतो.

जोडणीसाठी पाचही चौकटी एकाच फाइलमध्ये थरांवर आणतात. फोटोशॉपमध्ये Load Files into Stack आणि गिंपमध्ये Open as Layers ही त्याची आज्ञा आहे. तिपाई किंचित हलली असेल, तर फोटोशॉपमधले Auto-Align Layers थर एकमेकांशी जुळवून घेते. मुखवटे रंगवण्यापूर्वी मोकळ्या भिंतीवरचा एकच ठिपका सगळ्या थरांत निवडून त्याचे रंगमूल्य तपासावे. एखाद्या थरात फरक निघाला, तर दुरुस्ती त्या पूर्ण थराला करायची. एकट्या माणसाला करायची नाही. मग पायाच्या चौकटीवर एकेक खेळाडू मुखवट्याने उघडा करतात. जिथे दोन प्रतिमा एकमेकींना स्पर्श करत नाहीत, तिथे मोठा, मऊ ब्रश भिंतीतून आणि जमिनीतून खुशाल फिरवता येतो, कारण दोन्ही थरांत तीच भिंत आहे. माणसाची पायाशी आणि मांडीखाली पडलेली सावली मात्र त्याच्याबरोबर आलीच पाहिजे. एक प्रतिमा दुसरीच्या पुढे येते तिथेच बारीक, टणक ब्रशने कड कोरावी लागते. केसांची कड कोरणे सगळ्यांत कठीण असते. म्हणून पाठमोऱ्याचे डोके दुसऱ्या खेळाडूवर न येता बोर्डावर किंवा भिंतीवर येईल, अशी त्याची बैठक आधीच ठरवतात.

शेवटी तपासणी. वरच्या थराचा मिश्रणप्रकार Difference केला, तर जुळलेले भाग काळे दिसतात आणि सरकलेल्या कडा उजळ रेघांसारख्या उठून येतात. त्यानंतर सर्वांवर एक तात्पुरता Curves थर टाकून त्याची रेषा खूप उभी करतात. भिंतीच्या छटेतला नुसत्या डोळ्यांना न दिसणारा फरक त्यात डागासारखा स्पष्ट होतो. बाकी गोष्टी डोळ्यांनीच पाहायच्या: टीव्हीच्या काळ्या पडद्यात सोबत्याचे प्रतिबिंब राहिले आहे का, गुळगुळीत फरशीत प्रत्येक खेळाडूचे प्रतिबिंब आहे का, गादीचा दाबलेला भाग बसलेल्याच्या खालीच आहे का, आणि बोर्डावर एखादी सोंगटी दोनदा तर दिसत नाही ना.

या पद्धतीला काही मर्यादाही आहेत. दोन प्रतिमांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवायचा असेल, तर सदऱ्याला पडणारी चुणी सोबत्याच्या हाताने प्रत्यक्ष पाडून घ्यावी लागते; ती नंतर तयार करणे फार कष्टाचे असते. वाऱ्याने हलणारी झाडे मागे असतील, तर दोन थरांतली पार्श्वभूमीच सारखी राहत नाही. थेट उन्हात सावल्या काटेकोर पडतात आणि पंधरा मिनिटांत सूर्य सुमारे चार अंशांनी सरकतो, त्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या खेळाडूच्या सावल्यांची दिशा जुळत नाही. म्हणून उन्हातले दृश्य करायचेच झाले, तर प्रतिमांची संख्या दोन-तीनवर आणून सगळे फोटो काही मिनिटांत घेतात.