उतार एक की चार?

माणिकगड पहाडावरच्या जिवतीत १.८ मीटर लांबीचे न्हाणीघर बांधायचे आहे, असे धरू. मीटरला दीड सेंटीमीटर उतार हवा.

चौकोनी जाळी मध्यभागी बसवली, तर चारही बाजूंनी उतार लागतो. ६० सेंटीमीटरची फरशी वाकत नाही, म्हणून गवंडी कोपऱ्यांपासून जाळीपर्यंत ती तिरकी कापतो. दहा सेंटीमीटरच्या लहान फरश्या मात्र बहुतेक न कापताच उतार घेतात.

समोरच्या भिंतीलगत लांब पन्हळ बसवली, तर एकाच दिशेने उतार पुरतो. दारापासून पन्हळीपर्यंत सुमारे २.७ सेंटीमीटर. मोठी फरशी तिरकी कापावी लागत नाही. पण पन्हळीतले केस वरचेवर काढावे लागतात.

फरशीआधी बादलीभर पाणी ओतावे. डबके साचले, तर उतार तिथेच चुकला.