तीन मिनिटांच्या व्हिडिओची आखणी

‘सोयाबीनच्या घरच्या बियाण्यावर एक व्हिडिओ करू’, ही कल्पना फार पसरट आहे. साठवण, बीजप्रक्रिया, पेरणीची खोली, सगळेच तिच्यात शिरू पाहते. म्हणून आधी, व्हिडिओ पाहिल्यावर शेतकऱ्याला नेमके काय करता यावे, ते एका वाक्यात लिहावे: ‘ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून बियाण्याची उगवण तपासता येईल.’ या वाक्यात जे बसत नाही ते गाळावे. बीजप्रक्रिया महत्त्वाची खरी, पण तिला स्वतंत्र व्हिडिओच हवा.

यानंतर आराखडा. पहिली २० सेकंदे विरळ उगवलेले शेत आणि दुबार पेरणीचे संकट, पुढची ९० सेकंदे प्रत्यक्ष कृती, मग ४० सेकंदे मोजणी. शेवटच्या ३० सेकंदांत निकालाचा अर्थ: सत्तर किंवा त्याहून जास्त दाणे नीट उगवले तर नेहमीचे प्रमाण, कमी उगवले तर एकरी बियाणे वाढवायचे. निम्मा वेळ कृतीला जातो, कारण लोक पाहून शिकणार आहेत ते तेच.

संहितेची लांबी आराखड्यावरून ठरते. समजेल अशा संथ लयीत मराठी निवेदन मिनिटाला साधारण ११० शब्दांचे होते. त्या हिशेबाने तीन मिनिटांत ३३० शब्द बसतात, पण दाणे मांडणारे हात दिसत असताना थोडी शांतता लागते. त्यामुळे २८० ते ३०० शब्दांवर थांबलेले बरे. मजकूर घड्याळ लावून मोठ्याने वाचावा. मनात वाचताना वेग वाढतो आणि अंदाज हमखास चुकतो. वाचताना धाप लागली, तर वाक्ये तोडावीत.

शॉटची यादी म्हणजे वहीतला साधा तक्ता: क्रमांक, काय दिसणार, किती जवळून, कोणते निवेदन, किती सेकंद. उदाहरणार्थ, शॉट ५: ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत दाणे मांडणारे हात, वरून, १२ सेकंद. शॉट ६: गोणपाटाची गुंडाळी, बाजूने, ८ सेकंद. शॉट ९: निरोगी कोंब आणि कुजलेला दाणा शेजारी शेजारी, अगदी जवळून, १० सेकंद. असे पंधराएक शॉट पुरतात. निवेदनातल्या एखाद्या ओळीसमोर काय दाखवायचे ते सुचत नसेल, तर बहुधा ती ओळच अनावश्यक असते.

यादी केली की एक अडचण वेळीच लक्षात येते. दाणे उगवायला सहा-सात दिवस लागतात. चित्रीकरण एकाच दिवशी उरकायचे असेल, तर एक गुंडाळी आठवडाभर आधीच भिजवून तयार ठेवावी लागते. दोन्हींचे गोणपाट एकाच जातीचे घ्यावे आणि चित्रीकरण एकाच उजेडात करावे, नाहीतर पाहणाऱ्याला ती दोन वेगळी बियाणी वाटतात. विरळ शेताचे दृश्य मात्र पेरणीनंतरच मिळते. हंगाम नसेल तर मागच्या वर्षीचा एखादा फोटो वापरावा आणि तक्त्यात तशी नोंद करावी.