स्मूदीचा हिशेब काट्यावर

कॅलरी मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये ‘बनाना स्मूदी’ शोधलं की ढीगभर नोंदी येतात, पण त्या दुसऱ्यांच्या मिक्सरमधल्या असतात. कुणी साखर घातलेली, कुणी आइस्क्रीम. म्हणून केळं, दूध, पीनट बटर आणि ओट्स वेगवेगळे नोंदवावेत, तेही ग्रॅममध्ये.

मिक्सरचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि एकेक जिन्नस घालत जायचं. केळं सोलून मोजायचं, कारण जवळजवळ एक तृतीयांश वजन सालीचंच असतं. दुधात पिशवीचा प्रकार बघावा. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश असतो, तर फुल क्रीममध्ये ६ टक्के. २०० मिलीमागे हा फरक ५० कॅलरींच्या वर जातो.

खरी गफलत होते ती पीनट बटरमध्ये. सपाट टेबलस्पून साधारण १६ ग्रॅमचा. पण हे चिकट प्रकरण चमच्यावर डोंगरासारखं चढतं आणि ‘एक चमचा’ सहज ३० ग्रॅमच्या पुढे जातो. दर ग्रॅमला सहा कॅलरी धरल्या तर नव्वदेक कॅलरी नोंदीबाहेर राहतात. उपाय सोपा आहे: बरणीच काट्यावर ठेवून शून्य करा आणि हवं तेवढं काढा. काट्यावर जो उणे आकडा दिसेल, तेवढं तुम्ही काढलंत. चमचा चाटलात तरी हिशेब चुकत नाही.

ओट्सची चूक उलट्या जातीची. अ‍ॅपमध्ये कोरड्या आणि शिजवलेल्या ओट्सची नोंद वेगळी असते. ४० ग्रॅम कोरडे ओट्स म्हणजे सुमारे १५० कॅलरी. चुकून ‘शिजवलेले’ निवडलं तर तेवढ्याच वजनाला तीसही दिसत नाहीत, कारण त्यात बहुतेक पाणीच असतं.

आता १०० ग्रॅम केळं, २०० मिली टोन्ड दूध, ३२ ग्रॅम पीनट बटर आणि ४० ग्रॅम ओट्स घेऊ. कॅलरी अनुक्रमे ९०, ११५, १९० आणि १५०, म्हणजे ५४५च्या आसपास. प्रथिनं २० ग्रॅम, कर्बोदकं ६६, स्निग्ध २५. पडताळा घ्यायचा तर प्रथिनं आणि कर्बोदकांना चारने, स्निग्धाला नऊने गुणा. बेरीज ५६९ येते. एवढा फरक चालतो. तंतूंना पूर्ण चार कॅलरी धरत नाहीत, हे त्याचं एक कारण. शंभर-दीडशेचा फरक दिसला, तर कुठली तरी नोंद चुकीची आहे असं समजावं.

स्मूदी दोघांत वाटायची तर पेल्याच्या उंचीवर जाऊ नका, फेसामुळे ती फसवते. पाणी, बर्फ धरून फिरवलेल्या स्मूदीचं एकूण वजन घ्या. ते ३८० ग्रॅम भरलं आणि तुमच्या पेल्यात २५० आलं, तर सगळ्या आकड्यांचे ६६ टक्के तुमच्या नावावर.