मागून कुणीच मारलेलं नसतं

12 एप्रिल 2013 रोजी लॉस एंजेलिसमध्ये बास्केटबॉलचा सामना चालू होता. 34 वर्षांच्या कोबी ब्रायंटने समोरच्या खेळाडूला चकवून पुढे घुसण्यासाठी डावा पाय रोवला, जोर लावला आणि तो खाली बसला. फाउल मिळाला होता, म्हणून तो उठला, लंगडत रेषेपाशी गेला आणि उभ्या जागेवरून दोन फ्री थ्रो टाकले. दोन्ही बास्केटमध्ये गेले. मग तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर चालत गेला. त्याच्या डाव्या टाचेमागची कंडरा तेव्हा पूर्ण तुटलेली होती. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली.

बॅडमिंटनच्या कोर्टवर किंवा सोसायटीच्या बॉक्स क्रिकेटमध्ये अचानक टाचेमागे कळ येऊन सूज आली की आपण पहिल्यांदा काय म्हणतो? ‘चालता येतंय ना, मग शीर ताणली असेल.’ हा निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो. चालता येणं हा कंडरा शाबूत असल्याचा पुरावा नव्हे.

पोटरीतले दोन मोठे स्नायू खाली एकत्र येतात आणि त्यांची एक जाड, चिवट पट्टी टाचेच्या हाडाला जाऊन चिकटते. हीच अकिलिस टेंडन, आपल्या शरीरातली सर्वांत जाड कंडरा. चवड्यावर उभं राहताना, धावताना, उडी मारताना शरीर पुढे ढकलणारा जोर तिच्यातून टाचेपर्यंत पोचतो. टाचेच्या वर साधारण 2 ते 6 सेंटीमीटरच्या पट्ट्यात तिचा रक्तपुरवठा तुलनेने कमी असतो आणि बहुतेक वेळा ती तुटते ती तिथेच. थांबलेला माणूस एकदम पुढे झेपावतो, तेव्हा पोटरी ताणली जात असतानाच आकुंचन पावत असते. त्या क्षणी कंडरेवर येणारा भार शरीराच्या वजनाच्या कित्येक पट असतो. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी खेळणारे, तिशी ते पन्नाशीतले पुरुष यात जास्त सापडतात.

तुटताना माणसाला काय वाटतं, याचं वर्णन जगभर सारखंच आहे. मागून कुणी तरी लाथ मारली, रॅकेट लागली, दगड बसला. माणूस रागाने मागे वळून बघतो, तर मागे कुणीच नसतं. कधी ‘फट्’ असा आवाजही येतो. पहिली कळ जोरदार असते, पण थोड्याच वेळात दुखणं ओसरू लागतं. सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते.

दुसरी फसवणूक पायाच्या हालचालीची. घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूने आणखी काही स्नायूंच्या कंडरा तळव्याकडे जातात. अकिलिस तुटली तरी त्या शाबूत असतात. म्हणून ‘पाऊल खाली दाबून दाखवा’ म्हटलं की रुग्ण दाबून दाखवतो. सपाट पावलाने लंगडत चालतोही. एक्स-रेत हाडं ठीक दिसतात. मग क्रेप बँडेज, मलम, आठवडाभर आराम असा सल्ला मिळतो आणि तुटलेली कंडरा तशीच राहते.

म्हणून खरी परीक्षा रुग्णाला हालचाल करायला सांगून होत नाही. ती त्याने काहीही न करता व्हावी लागते. इंग्लंडच्या सिमंड्स यांनी 1957 मध्ये आणि अमेरिकेच्या थॉम्पसन यांनी 1962 मध्ये सांगितलेली तपासणी आजही तितकीच उपयोगी आहे. रुग्णाला पलंगावर पालथं झोपवायचं, दोन्ही पावलं कडेबाहेर लोंबती ठेवायची आणि पाय सैल सोडायला सांगायचं. आधी चांगल्या पायाची पोटरी, तिच्या जाड भागाशी, हाताच्या मुठीत धरून दाबायची. पाऊल आपोआप खाली झुकतं, कारण दाबलेला स्नायू कंडरेला आणि कंडरा टाचेला ओढते. मग दुखऱ्या पायाची पोटरी तशीच दाबायची. पाऊल हललंच नाही, किंवा चांगल्या पायापेक्षा फार कमी हललं, तर मधला दुवा तुटला आहे असंच धरून चालावं.

त्याच स्थितीत दोन्ही गुडघे काटकोनात वाकवून बघितलं तर आणखी एक खूण दिसते. चांगलं पाऊल किंचित खाली झुकलेलं राहतं, तुटलेल्या बाजूचं जवळजवळ आडवं पडतं. कंडरेवरून हलकेच बोट फिरवलं तर खड्डाही लागू शकतो, पण काही तासांत सूज आणि रक्त साठून तो बुजतो. खड्डा लागला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. शंका असेल तर एका पायाच्या चवड्यावर उभं राहून बघण्याचा प्रयोग मात्र घरी करू नये.

नुसता ताण असेल तर चित्र वेगळं असतं. लाथ बसल्याचा भास सहसा नसतो. पोटरी दाबली की पाऊल झुकतं. दुखत दुखत का होईना, चवड्यावर उठता येतं. कंडरा बोटाला सलग लागते आणि सकाळी पहिली पावलं टाकताना ती आखडलेली असते. अर्धवट फाटलेल्या कंडरेत ही सीमा पुसट होते, आणि तिथे सोनोग्राफी किंवा एमआरआयनेच उलगडा होतो.

तुटल्याची शंका आली की त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावं. तोवर मालिश नको, शेक नको, पोटरी ताणणं तर मुळीच नको. पाऊल काटकोनात धरून पट्टी बांधली तर तुटलेली टोकं आणखी दूर जातात. बोटं जमिनीकडे झुकलेली ठेवून आधार बांधायचा, कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवायचा आणि त्या पायावर वजन टाकायचं नाही. टोकं दूर राहून कंडरा लांबट जुळून आली, तर पुढे ती सैल दोरीसारखी राहते. पोटरी आकुंचन पावते, पण टाच पुरेशी उचलली जात नाही.

शस्त्रक्रिया करावीच लागते का? 2022 मध्ये नॉर्वेतल्या 526 रुग्णांच्या अभ्यासात वर्षअखेरीस रुग्णांनी सांगितलेल्या त्रासात आणि कामाच्या क्षमतेत टाके घातलेल्या आणि न घातलेल्या गटांत फरक दिसला नाही. पुन्हा तुटण्याचं प्रमाण मात्र शस्त्रक्रियेविना 6.2 टक्के आणि शस्त्रक्रियेनंतर 0.6 टक्के होतं. उलट शस्त्रक्रियेत मज्जातंतूला इजा होण्याचा धोका अधिक होता. म्हणून वय, खेळ, मधुमेह, त्वचेची अवस्था बघून डॉक्टरांशी बोलून ठरवावं. दोन्ही मार्गांत टाचेखाली उंचवटे असलेला बूट सुमारे दोन महिने वापरून उंचवटे हळूहळू कमी करत जायचे असतात. धावणं, उडी मारणं यांना निदान सहा महिने, बहुधा वर्षभर. पाय जखडलेल्या त्या दिवसांत पोटरी नव्याने सुजून दुखू लागली किंवा दम लागला, तर ती रक्ताची गुठळी असू शकते आणि तेव्हा थेट रुग्णालय गाठावं.

ताण असेल तर काही दिवस उड्या आणि धावणं बंद, दोन्ही बुटांत टाचेखाली सुमारे एक सेंटीमीटरची गादी, आणि दुखणं उतरू लागलं की दोन पायांच्या, मग एका पायाच्या चवड्यावर उठण्याचा सराव. आज किती करावं हे उद्याची सकाळ सांगते. आखडलेपण वाढलं असेल तर व्यायाम जास्त झाला.

एक गोष्ट डॉक्टरांना न विसरता सांगावी. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविकं कंडरा कमकुवत करू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्ये त्याबद्दल कडक इशारा दिला. साठीच्या पुढच्यांत आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांत धोका वाढतो, आणि औषध थांबल्यानंतर काही महिन्यांनीही कंडरा तुटू शकते. ही औषधं चालू असताना किंवा नुकती संपली असताना टाचेमागे दुखू लागलं, तर खेळ थांबवावा आणि औषध लिहून देणाऱ्यांना लगेच फोन करावा.